निफ्टी उच्चांकावर आणि बाकी बाजार खाली: मोजक्या शेअरांवरची तेजी कशी तपासावी

प्रश्न: मी घणसोलीत राहतो, नोकरी सांभाळून गुंतवणूक करतो. निफ्टी जुन्या उच्चांकाच्या वर गेला, पण माझ्याकडचे बहुतेक शेअर लालच आहेत. चार-पाच मोठे शेअर निर्देशांक ओढत आहेत, असं सगळे म्हणतात. ही तेजी निरोगी आहे की नाही, हे चार्टवरून कसं ओळखायचं? आणि निरोगी नसेल तर सगळं विकून मोकळं व्हायचं का?

उत्तर:

मोजक्या शेअरांनी चालवलेली तेजी म्हणजे पोकळ तेजी, असे सरसकट समीकरण मांडू नये. अशी तेजी कधी कधी पुढे रुंदावते आणि चांगली दोन-दोन वर्षे टिकते. कधी ती वरून शाबूत दिसत असताना आतून बाजार केव्हाच पडू लागलेला असतो. या दोहोंतला फरक निर्देशांकाच्या चार्टवर दिसत नाही, तो निर्देशांकाबाहेर राहिलेल्या आणि निर्देशांकातल्या हलक्या शेअरांत दिसतो. तपासायचे ते एवढेच, की पुढे न गेलेले शेअर नुसते थांबलेले आहेत की पडत आहेत, आणि निर्देशांकाच्या मागच्या उच्चांकाच्या वेळी त्यांची जी अवस्था होती तिच्यापेक्षा आजची अवस्था बरी आहे की वाईट.

त्याआधी निफ्टीची घडण लक्षात घ्यावी लागते. हा निर्देशांक 2009 पासून फ्री-फ्लोट बाजारमूल्यावर आधारलेला आहे. म्हणजे प्रवर्तकांकडचे शेअर वगळून बाजारात प्रत्यक्ष फिरू शकणाऱ्या शेअरांचे जे मूल्य होते, त्या प्रमाणात प्रत्येक कंपनीचे वजन ठरते. आपल्या घणसोलीच्या सोसायटीत प्रत्येक सदनिकेला एक मत असते. तेच मत चौरस फुटांवर द्यायचे ठरवले, तर वरच्या मजल्यावरचे पाच मोठे फ्लॅटवाले ठराव मंजूर करून घेतील आणि इतिवृत्तात मात्र ‘सभेने मंजूर केला’ अशीच नोंद होईल. निफ्टीची मतमोजणी ही चौरस फुटांची आहे. एचडीएफसी बँक, रिलायन्स, आयसीआयसीआय बँक यांसारख्या वरच्या पाच कंपन्यांचे एकत्रित वजन गेल्या काही वर्षांत साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिले आहे, आणि तळाच्या कित्येक कंपन्यांचे वजन एकेक टक्काही नाही.

एखादा शेअर निर्देशांकात किती अंकांची भर घालतो, हे घरबसल्या काढता येते. निर्देशांक 24,000 वर असेल, शेअरचे वजन 12 टक्के असेल आणि तो एका दिवसात 2 टक्के वाढला, तर निर्देशांक 0.24 टक्के, म्हणजे जवळपास 58 अंक वाढतो. मग उरलेल्या 49 कंपन्या जागच्या हलल्या नाहीत तरी चालते. हेच गणित जरा मोठे करून पाहू. समजा, वरच्या पाच शेअरांचे मिळून वजन 40 टक्के आहे आणि महिनाभरात ते सरासरी 6 टक्के वाढले, तर उरलेले 45 शेअर सरासरी 1 टक्का पडले. मोठ्या पाचांनी दिलेले 2.4 टक्के आणि बाकीच्यांनी खाल्लेले 0.6 टक्के, अशी वजाबाकी करून निफ्टी 1.8 टक्के, म्हणजे 432 अंक वर दिसेल. आता दुसरा महिना असा घ्या, की मोठे पाच 3 टक्के वाढले आणि बाकीचे 45 सरासरी 1 टक्का वाढले. तेव्हाही बेरीज 1.2 अधिक 0.6, म्हणजे तीच 1.8 टक्के येते. चार्टवरची मेणबत्ती दोन्ही महिन्यांत एकाच उंचीची असेल, पण पहिल्या महिन्यात पंचेचाळीस कंपन्यांचे भागधारक तोट्यात आहेत आणि दुसऱ्यात फायद्यात.

हा फरक उघड करणारे पहिले साधन म्हणजे निफ्टी 50 इक्वल वेट हा निर्देशांक. यात कंपन्या त्याच पन्नास, पण प्रत्येकीचे वजन 2 टक्के, आणि दर तिमाहीला ते पुन्हा समान केले जाते. वरच्याच उदाहरणात पहिल्या महिन्यात इक्वल वेट 0.3 टक्के पडलेला दिसेल आणि दुसऱ्या महिन्यात 1.2 टक्के वाढलेला. म्हणून इक्वल वेटला मूळ निफ्टीने भागून येणारी रेषा साप्ताहिक चार्टवर काढावी. ती रेषा खाली उतरत असेल तर तेजी वरच्या वजनदारांची आहे, आणि वर चढत असेल तर ती पसरते आहे. बहुतेक चार्टिंग सेवांमध्ये दोन चिन्हांच्या मध्ये भागाकाराची तिरकी रेघ दिली की हा चार्ट तयार होतो.

मात्र या रेषेवर एकटीवर विसंबू नये, आणि हे बहुतेक जण सांगत नाहीत. मूळ निफ्टीत बँका आणि वित्तीय कंपन्यांचे वजन सुमारे एक तृतीयांश आहे; सगळ्यांना समान वजन दिले की ते बरेच कमी होते आणि वाहन, धातू, औषध, सिमेंट यांचा वाटा आपोआप वाढतो. त्यामुळे केवळ धातूंचे भाव घसरले किंवा केवळ बँकांचा हंगाम चांगला गेला, तरी ही रेषा खाली जाते. तिचा अर्थ तेव्हा ‘बाजार अरुंद झाला’ असा नसून ‘एका क्षेत्राने दुसऱ्यावर मात केली’ एवढाच असतो. म्हणून रेषा उतरताना दिसली की लगेच पाहावे, की पुढे असलेले पाच शेअर एकाच क्षेत्रातले आहेत की निरनिराळ्या. पाचांपैकी तीन बँका असतील तर निफ्टी बँक निर्देशांकातल्या छोट्या बँकाही बरोबर चालल्या आहेत का, हा पुढचा प्रश्न. त्या चालल्या असतील तर त्या क्षेत्रापुरती तरी तेजी रुंद आहे.

दुसरे साधन मला अधिक विश्वासाचे वाटते, आणि नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात दर शनिवारी सकाळी आम्ही तेच आधी उघडतो. निफ्टी 500 मधल्या किती टक्के कंपन्यांचे भाव आपापल्या 200 दिवसांच्या सरासरीच्या वर आहेत, एवढेच त्यात मोजायचे असते. पन्नास कंपन्यांवर मोजले तर आकडा फार उड्या मारतो. उलट संपूर्ण बीएसईवर मोजले तर ज्यांत दिवसाला चार व्यवहारही होत नाहीत अशा कितीतरी शेअरांचा गाळ त्यात येतो. निफ्टी 500 हा बरा मध्यम मार्ग आहे. तक्त्यात C स्तंभात शुक्रवारचा बंद भाव, D मध्ये 200 दिवसांची सरासरी आणि E मध्ये त्या सरासरीपासूनचे अंतर टक्क्यांत ठेवले, तर पुढची दोन सूत्रे पुरतात:

```
=SUMPRODUCT((D2:D501>0)*(C2:C501>D2:D501))/COUNT(D2:D501)
=MEDIAN(E2:E501)
```

पहिल्या सूत्रातली `D2:D501>0` ही अट गाळू नये. नुकत्याच नोंदलेल्या कंपन्यांना 200 दिवस झालेले नसतात, त्यांचा D रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना शून्य धरला गेल्यामुळे अट नसेल तर त्या सगळ्या कंपन्या ‘सरासरीच्या वर’ मोजल्या जातात. आयपीओंची गर्दी झालेल्या वर्षात एवढ्याने आकडा फुगतो, आणि तोही नेमका जेव्हा तो फुगलेला नको असतो तेव्हा. त्याच कारणाने E मध्येही त्या कंपन्यांचे रकाने रिकामेच ठेवावेत. निफ्टी 500 मधल्या कंपन्या दर सहामाहीला बदलतात हेही ध्यानात असावे: आजची यादी घेऊन तीन वर्षांपूर्वीची टक्केवारी काढली तर मधल्या काळात पडून यादीबाहेर गेलेल्या कंपन्या मोजल्याच जात नाहीत, आणि जुना काळ होता त्यापेक्षा निरोगी दिसतो. म्हणून आकडा त्या-त्या आठवड्यालाच लिहून ठेवलेला बरा.

आलेली टक्केवारी सुटी वाचून फारसे काही कळत नाही. ती निर्देशांकाच्या दोन उच्चांकांवर शेजारी ठेवून वाचायची असते. समजा, मागच्या उच्चांकाला 72 टक्के कंपन्या सरासरीच्या वर होत्या, त्यानंतरच्या उच्चांकाला 54 टक्के, आणि आज निफ्टी आणखी वर असताना 41 टक्के. निर्देशांकाची पायरी चढती आणि टक्केवारीची उतरती, अशी ही विसंगती असेल तर ती मी गंभीर धरतो. निफ्टी नव्या उच्चांकावर असताना निम्म्याहून कमी कंपन्या सरासरीच्या वर असणे हे माझ्या लेखी प्रकृती बिघडल्याचे लक्षण आहे. हा अनुभवाने ठरवलेला ठोकताळा आहे, नियम नव्हे.

थांबलेले शेअर आणि पडणारे शेअर यांतला फरक दुसरे सूत्र सांगते. मध्यक अंतर उणे दोन-तीन टक्के असेल आणि बहुतेकांची 200 दिवसांची सरासरी आडवी असेल, तर बाकीचा बाजार दम खातो आहे. तेच अंतर उणे बारा-पंधरा असेल, सरासऱ्या खाली वळलेल्या असतील आणि निफ्टीच्या उच्चांकाच्या आठवड्यातच 52 आठवड्यांचा नीचांक गाठणाऱ्या कंपन्या उच्चांक गाठणाऱ्यांपेक्षा जास्त असतील, तर ती विश्रांती नव्हे. तिथे मंदी आधीच आली आहे आणि ती वजनदार शेअरांच्या आड झाकली गेली आहे. नव्या उच्चांक-नीचांकांची यादी एनएसईच्या संकेतस्थळावर रोज मिळते, तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

आपल्या बाजारात याचे सर्वांत शिकवणारे उदाहरण 2018 चे आहे. 29 जानेवारी 2018 रोजी निफ्टी 11,130 वर बंद झाला. मिडकॅप आणि स्मॉलकॅप, म्हणजे मध्यम व छोट्या कंपन्यांच्या, निर्देशांकांनी त्याच महिन्यात आपला उच्चांक केला होता. मग उतार आला, निफ्टी सावरला आणि 28 ऑगस्टला 11,738 वर, म्हणजे जानेवारीपेक्षा सुमारे साडेपाच टक्के वर पोहोचला. वाटचालीचे पुढारपण रिलायन्स, टीसीएस, हिंदुस्थान युनिलिव्हर अशा मोजक्यांकडे होते. मिडकॅप आणि स्मॉलकॅप मात्र जानेवारीच्या पातळीखालीच राहिले.

यामागची कारणेही तेव्हा उघड्यावर होती. ऑक्टोबर 2017 मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांच्या योजनांचे नव्याने वर्गीकरण केले. बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्या लार्ज कॅप, 101 ते 250 मिड कॅप आणि त्यापुढच्या स्मॉल कॅप ठरल्या, आणि लार्ज कॅप फंडाने किमान 80 टक्के पैसा पहिल्या शंभरात ठेवावा असे बंधन आले. ज्या लार्ज कॅप योजनांनी जादा परताव्यासाठी मिडकॅप साठवले होते, त्यांना ते कमी करावे लागले. त्यात 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात शेअरांवरच्या दीर्घकालीन नफ्यावर 10 टक्के कर आला, आणि वर्षाच्या मध्यास अनेक छोट्या शेअरांवर एक्स्चेंजची जादा देखरेख व जादा मार्जिन लागू झाले. म्हणजे बाकीचे शेअर थांबले नव्हते, त्यांच्यातून पैसा बाहेर पडत होता. सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांना पैसा पुरवणाऱ्या वित्तीय कंपनीच्या थकबाकीचे प्रकरण फुटले, 21 सप्टेंबरला दिवाण हाउसिंग या गृहकर्ज कंपनीचा शेअर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त कोसळला, आणि 26 ऑक्टोबरला निफ्टी 10,030 वर आला. दोन महिन्यांत साडेचौदा टक्के घसरण.

तेजी किती शेअरांत पसरली आहे त्या रुंदीला ब्रेड्थ म्हणतात. इथे गोष्ट संपवली तर ‘ब्रेड्थ बिघडली, विका’ असा सोपा निष्कर्ष निघेल, आणि पुष्कळ लोक गोष्ट इथेच संपवतात. पण 3 जून 2019 रोजी निफ्टी 12,088 वर बंद झाला आणि 14 जानेवारी 2020 रोजी 12,362 वर. तेव्हाही मिडकॅप निर्देशांक दोन वर्षांपूर्वीच्या उच्चांकापासून दूर होता, आणि स्मॉलकॅप तर मधल्या काळात वरून एक तृतीयांशाहून अधिक घसरून आला होता. ज्याने ऑगस्ट 2018 मध्ये निफ्टीचा इंडेक्स फंड विकला त्याचे दोन महिने बरोबर ठरले आणि त्यानंतरचे बरेच महिने चुकले. ज्याने मात्र ‘निफ्टी उच्चांकावर आहे, म्हणजे तेजी आहे’ असे म्हणून स्मॉलकॅप धरून ठेवले, त्याने पूर्ण मंदी सोसली. ब्रेड्थने निर्देशांकाच्या घसरणीची तारीख सांगितली नाही. कोणत्या टोपलीत मंदी आहे, हे मात्र आठ महिने आधीपासून ती सांगत होती.

याच्या उलट उदाहरण 2020 चे. मार्चच्या पडझडीनंतर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत निफ्टीच्या चढणीचा मोठा भार एकट्या रिलायन्सने उचलला. जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये फेसबुकपासून एकेक गुंतवणूकदार येत गेला आणि शेअर नीचांकापासून दुपटीच्या पुढे गेला. बँका मागे रेंगाळत होत्या, कारण कर्जफेडीला स्थगिती होती आणि बुडीत कर्जे किती निघतील याचा कुणालाच अंदाज येत नव्हता. निव्वळ ‘पाच शेअरांची तेजी’ या मापाने पाहिले तर हे 2018 पेक्षाही अरुंद वाटावे. परंतु सरासरीच्या वर गेलेल्या कंपन्यांची संख्या महिन्यामागून महिना वाढत होती, आणि सप्टेंबरनंतर रिलायन्स थंडावला तेव्हा बँकांनी सूत्रे हाती घेतली. 9 नोव्हेंबरला निफ्टीने 12,461 वर नवा विक्रमी बंद दिला आणि 2021 च्या सुरुवातीला निफ्टी बँकनेही आपला जुना उच्चांक ओलांडला. म्हणून पुढारी शेअर दमले, की त्यांची जागा दुसरे कुणी घेते का, हे पाहणे मी फार महत्त्वाचे मानतो. वजनदार शेअर दोन आठवडे आडवे राहिले आणि त्या काळात इक्वल वेटची रेषा वर वळली, तर प्रकृती सुधारते आहे. वजनदार थांबले आणि बाकीचेही त्यांच्याबरोबर आणखी खाली गेले, तर त्या शेअरांनी आधार दिला होता एवढेच सिद्ध होते.

काही दिवसांचे आकडे मुळातच वाचू नयेत. निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीच्या दिवशी, म्हणजे सध्या मंगळवारी, दुपारनंतर वजनदार शेअरांत होणाऱ्या हालचालींतला बराच भाग ऑप्शनच्या पोझिशनचा असतो. त्या दिवशीच्या वाढलेल्या-घटलेल्या शेअरांच्या संख्येवरून काही ठरवण्यात अर्थ नाही. डीमर्जर किंवा बोनसच्या दिवशीही फसगत होते. 20 जुलै 2023 रोजी जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हा रिलायन्सचा भाव आदल्या दिवशीच्या सुमारे 2,841 वरून 2,580 वर आला. ही घसरण नव्हती, उरलेले 261 रुपये नव्या कंपनीच्या भावात गेले होते. तक्त्यात जुने भाव जुळवून घेतले नाहीत तर असा शेअर विनाकारण सरासरीच्या जवळ किंवा खाली मोजला जातो. या गोंधळामुळेच मी रोजची अ‍ॅडव्हान्स-डिक्लाइन संख्या पाहत नाही, शुक्रवारचा बंद भाव पुरेसा असतो.

आता विकण्याबद्दल. ठाणे-नवी मुंबईतल्या नोकरदारांचे जे पोर्टफोलिओ माझ्यासमोर येतात, त्यांत साधारणपणे एक भाग इंडेक्स फंडाच्या एसआयपीचा आणि दुसरा भाग स्वतः निवडलेल्या मिडकॅप-स्मॉलकॅप शेअरांचा असतो. दोन्हींना एकच निर्णय लावू नये. एसआयपी अरुंद तेजीच्या कारणाने थांबवायचे प्रयोजन नाही. 2018-19 चा अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. स्वतः निवडलेल्या शेअरांची तुलना मात्र निफ्टीशी न करता निफ्टी मिडकॅप किंवा स्मॉलकॅप निर्देशांकाशी करावी. आपले शेअर त्या निर्देशांकाइतकेच पडले असतील तर निवड चुकलेली नसून त्या वर्गातच पैसा आटतो आहे, आणि तिथे वाटा किती ठेवायचा एवढाच प्रश्न उरतो. ते त्याहूनही जास्त पडले असतील, 200 दिवसांची सरासरी खाली वळलेली असेल आणि गेल्या दोन तिमाहींचे निकालही घसरलेले असतील, तर त्या शेअरांना निफ्टीच्या उच्चांकाचा काडीचाही आधार नाही, आणि अशांतून बाहेर पडायला ब्रेड्थ सुधारण्याची वाट पाहू नये. जे आपल्या वर्गाच्या निर्देशांकापेक्षा कमी पडले आहेत, सरासरीच्या आसपास तग धरून आहेत आणि ज्यांचे निकाल ठीक आहेत, ते ठेवावेत. तेजी खरोखर रुंदावली तर सरासरी आधी ओलांडतात ते बहुधा हेच शेअर.